पेपरच्या आदल्या संध्याकाळची चिठ्ठी

"ताई, माझी मुलगी यंदा दहावीला आहे, बोर्डाची परीक्षा अगदी तोंडावर आलीये. अभ्यास करते, पण बीजगणिताची भयंकर धास्ती घेतलीये. प्रिलिमला पहिल्याच प्रश्नातलं एक गणित अडलं आणि ती वीस मिनिटं तिथेच अडकून बसली, ४० पैकी १४ मिळाले. तेव्हापासून काही बोलायला गेलं की 'आई प्लीज' म्हणते आणि दार लावून घेते. म्हणून म्हटलं तोंडी काही नको, छोटीशी चिठ्ठी लिहून तिच्या कंपासपेटीत ठेवावी, म्हणजे पेपरच्या आधी वाचेल. मी असं लिहिलंय: 'लाडकी चिऊ, तू खूप हुशार आहेस, तुला नक्की ९० च्या वर मिळणार. अजिबात टेन्शन घेऊ नकोस. मार्कांना काही महत्त्व नसतं. मी आणि बाबांनी तुझ्यासाठी खूप केलंय, आता सगळं तुझ्या हातात आहे. आम्हाला तुझा अभिमान वाटेल असं कर. ऑल द बेस्ट.' बरोबर आहे का हे? काही बदलायला हवं का?"
– एक आई

ताई, सगळ्यात आधी ती चिठ्ठी कंपासपेटीतून बाहेर काढा. मायेने ठेवलेली असली तरी परीक्षेच्या हॉलमध्ये ती लिहिलेला कागदच असते, आणि सुपरवायझरच्या किंवा भरारी पथकाच्या नजरेला पडली तर आधी कॉपी म्हणूनच बघितली जाणार. नंतर वाचून सोडून देतीलही, पण तोवर सगळा वर्ग तिच्याकडे बघत असतो आणि जी पोरगी आधीच घाबरलेली आहे तिचे हातपाय गळतात. पॅडच्या क्लिपला नको, हॉल तिकिटाच्या मागे तर दोन शब्दही नकोत. आणि हा नियमाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी गेटवर उभं राहून, पेपरला दहा मिनिटं असताना आईची चिठ्ठी वाचली की डोळे भरून येतात, मग नाक पुसत आत जायचं, हे कशाला.

चिठ्ठी द्यायची ती आदल्या दिवशी संध्याकाळी, आणि तीही बीजगणिताच्या आदल्या दिवशी. पहिला पेपर भाषेचा असतो, त्याची तिला भीती नाहीये ना, मग तिथे चिठ्ठी खर्च करू नका. प्रत्येक पेपरच्या आधी एक चिठ्ठी असंही करू नका, दोन पेपरनंतर तीसुद्धा तिला घड्याळाच्या गजरासारखी वाटायला लागेल, आली आईची चिठ्ठी म्हणजे उद्या काहीतरी कठीण आहे. एकदाच द्या, जिथे दुखतंय तिथे द्या. जेवण झाल्यावर तिच्या टेबलावर ठेवा आणि तिथून निघून जा. समोर उभं राहून वाचून घेतलं की मुलांना तोंडावर काहीतरी भाव आणावा लागतो, थँक्यू म्हणावं लागतं, आणि तुमची मुलगी सध्या दार लावून घेतेय म्हणजे तिला नेमकं हेच नकोय, तिच्या चेहऱ्याकडे कोणी बघत राहिलेलं.

आता मजकुराकडे येऊ. तुमच्या प्रत्येक वाक्यामागे माया आहे हे मला दिसतंय, पण चिठ्ठी वाचणार ती, आणि ती हे कसं वाचेल ते बघा.

"तू खूप हुशार आहेस, ९० च्या वर मिळणार" यात तुम्ही धीर देताय, तिला मात्र ऐकू येतो आकडा. तिच्या डोक्यात आत्ता १४ आहे, तुमच्या चिठ्ठीत ९०, आणि या दोघांच्या मधलं सगळं अंतर तिने उद्या दोन तासांत कापायचंय असं तिला वाटणार. दुसरं म्हणजे हुशार हा शब्द. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना आधी जमतील अशी कोडी दिली, मग काहींना सांगितलं तू हुशार आहेस आणि काहींना सांगितलं तू मेहनत घेतलीस. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कोणालाच नीट जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी कोडी दिली तेव्हा हुशार म्हटलेली मुलं आधीपेक्षा कमी पडली आणि मेहनतीवर कौतुक झालेली मुलं सुधारली. का, तर हुशार म्हटलेल्या मुलाला एक गणित अडलं की नुसतं गणित अडत नाही, आपण हुशार नव्हतोच की काय ही शंका सोबत येते. तुमच्या लेकीचं प्रिलिमला पहिल्याच प्रश्नात अडलं होतं, म्हणजे तिला हा शब्द सगळ्यात महागात पडणार.

मग कौतुक करायचंच नाही का, तर करायचं, पण तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या गोष्टीचं करायचं. परवा रात्री तिने एखादं वर्गसमीकरण खोडून खोडून शेवटी सोडवलं असेल, मैत्रिणीला फोनवर एखादं गणित समजावून सांगितलं असेल, उत्तर चुकल्यावर मागे जाऊन नेमकी कुठे चूक झाली ते शोधलं असेल. हे झालेलं आहे, उद्याचा पेपर कसाही गेला तरी खोटं ठरणार नाही, आणि ९० चं भाकीत मात्र ती हॉलच्या बाहेर येताच खोटं ठरू शकतं. फक्त खरंच पाहिलेलं लिहा हं, रचून लिहिलेलं मुलांना लगेच कळतं आणि मग बाकीच्या चिठ्ठीवरचाही विश्वास उडतो.

"अजिबात टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, तोंडातच बसलंय. पण ते काम करत नाही, उलटं करतं. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला होता, लोकांना सांगितलं की पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करायचा नाही आणि तरी मनात आलाच तर घंटी वाजवायची. लोक मिनिटाला एकदाहून जास्त वेळा घंटी वाजवत होते. कारण एखादा विचार येतोय का हे बघत राहायचं म्हणजे तो सतत जवळच ठेवायचा. टेन्शन घेऊ नकोस म्हटलेली मुलगी हॉलमध्ये बसून बघत राहते, मला टेन्शन आलंय का, आलंय वाटतं, हात गार पडलेत, आईने सांगितलं होतं तरी आलंच. म्हणजे टेन्शन तर आहेच, वर आईचं ऐकलं नाही हे आणखी एक.

त्यापेक्षा तिला सांगा की धडधडेल आणि धडधडू दे. हेही नुसतं बोलायचं म्हणून नाही. ॲलिसन वुड ब्रूक्स यांचं २०१४ मधलं संशोधन आहे, त्यात काहींना भाषणाआधी, गाण्याआधी आणि एका प्रयोगात गणिताच्या चाचणीआधी शांत राहा असं सुचवलं आणि काहींना उत्साहात या असं सुचवलं. दुसऱ्या लोकांनी जास्त चांगलं केलं. धडधडणारं हृदय असं म्हटल्याबरोबर शांत होत नसतं, भीतीत आणि उत्साहात शरीर तसंही जवळपास सारखंच वागतं, त्यामुळे धडधड थांबवण्यापेक्षा तिचा अर्थ बदलणं सोपं जातं. दहावीच्या पोरीला उद्या उत्साहात जा असं लिहिलं तर ते नाटकी वाटेल, तिला बीजगणिताचा कसला उत्साह. म्हणून एवढंच लिहायचं की छाती धडधडली तर ते अंग कामाला लागल्याचं लक्षण आहे, थोड्या वेळाने आपोआप बसतं. मग धडधड सुरू झाली की तिला वाटेल हां, हे होणारच होतं.

"मार्कांना काही महत्त्व नसतं" हे काढाच. अकरावीचा प्रवेश मार्कांवर होतो हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, आणि क्लासची फी, टेस्ट सिरीज, वर्षभर प्रत्येक पेपरनंतर किती पडले म्हणून विचारणं हे सगळं ज्या घरात झालं त्याच घरातून आता हे वाक्य आलं की ती म्हणणार, आईला वाटतंय माझं काही होणार नाही म्हणून आधीच समजूत घालतेय. धीर द्यायला जाऊन आपण तिच्या मनातल्या सगळ्यात वाईट शंकेवर सही करतो. याच कारणाने चिठ्ठीत "नापास झालीस तरी" हेही लिहू नका. ते बोलायची वेळ वेगळी आहे, त्यावर पुढे येते.

आणि "आम्ही तुझ्यासाठी खूप केलंय, सगळं तुझ्या हातात आहे, अभिमान वाटेल असं कर". ताई, ही तीन वाक्यं एका खाली एक वाचून बघा. पहिल्यात हिशोब आहे, दुसऱ्यात त्याची जबाबदारी, तिसऱ्यात अट. तुम्ही असं म्हणायचं ठरवून लिहिलेलं नाही हे मला कळतंय, पण कागदावर ते तसंच उतरलंय. आजच अभिमान वाटत असेल तर आज वाटतो म्हणा, नाहीतर तो शब्दच नको. आई-बाबांनी काय केलं ते तर मुलांना पाठ असतं, पेपरच्या आदल्या दिवशी त्याची आठवण करून दिली की झोप जाते.

मग चिठ्ठीत काय राहतं? थोडंच राहतं आणि ते बरंच आहे. पण त्याआधी एक काम करा, कारण तिची खरी अडचण चिठ्ठीने सुटणारी नाही.

प्रिलिमला ती वीस मिनिटं अडकली ती पहिल्या प्रश्नात, आणि बोर्डाच्या बीजगणिताच्या पेपरात पहिल्या प्रश्नात एकेका मार्काची छोटी गणितं असतात. एका मार्कासाठी दोन तासांतली वीस मिनिटं गेली. ती तिथून हलली का नाही, तर भीती बसली की डोक्यातली जी थोडीशी जागा आपण गणिताच्या पायऱ्या धरून ठेवायला वापरतो तीच जागा काळजी अडवून बसते, येत असलेलंसुद्धा आठवेनासं होतं, आणि जितकं त्याच गणिताकडे बघत बसावं तितकी काळजी वाढते. दुसरं एखादं सोपं गणित हातावेगळं केलं की काळजी जरा मागे सरकते आणि पहिलंही बऱ्याचदा आठवतं. पण गणित सोडून पुढे जायची हिंमत ऐन पेपरात येत नाही, पहिलंच सोडायचं म्हणजे मुलांना अपशकून झाल्यासारखं वाटतं. म्हणून ते घरी करून बघायला लागतं. तिला म्हणा, जुन्या दोन पेपरांमध्ये पहिल्या प्रश्नातलं एक गणित मुद्दाम सोडायचं, येत असलं तरी सोडायचं, बाजूला पेन्सिलने बारीक खूण करायची, पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं. तुमच्याकडून ऐकत नसेल तर तिच्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना सांगा, त्यांनी सांगितलेलं मुलं ऐकतात. एवढं झालं असेल तरच चिठ्ठीत त्याची एक ओळ घाला, कारण मग ती आठवण होते. सरावच केला नसेल तर ती नुसती आणखी एक सूचना होईल, आणि आदल्या दिवशी नवीन सूचना नको.

दुसरी ओळ पेपरनंतरच्या अर्ध्या तासाची. मुलांवरचं प्रेशर कुठे असतं विचाराल तर बरंचसं तिथे असतं, बाहेर आल्याबरोबर कोणीतरी विचारणार, कसा गेला, किती येतील, ते गणित कसं सोडवलंस. हॉलमध्ये शेवटचं गणित करतानाच मुलं मनात त्या प्रश्नाचं उत्तर तयार करायला लागतात. ते ओझं तुम्ही आदल्या दिवशीच उतरवू शकता, लिहून द्या की मी विचारणार नाही. आणि मग खरंच विचारायचं नाही, चेहऱ्यानेसुद्धा नाही, तिच्या मैत्रिणीच्या आईला फोन करूनही नाही. बीजगणितानंतर भूमितीचा पेपर यायचाच असतो, तेव्हा उत्तरं ताडून बघण्यात तसाही काही फायदा नसतो.

तर मी लिहिली असती तर साधारण अशी लिहिली असती. यातली गणिताची गोष्ट मी अंदाजाने धरलीये, तिथे तुम्ही पाहिलेलं घाला.

"चिऊ,
परवा रात्री ते वर्गसमीकरण तू खोडत होतीस आणि परत मांडत होतीस, मी बघत होते. उत्तर आल्यावर तू वही धाडकन मिटलीस, ते फार आवडलं मला.
उद्या छाती धडधडेल कदाचित. धडधडू दे, अंग कामाला लागतं तेव्हा होतं तसं, बसतं थोड्या वेळाने.
एखादं अडलं तर खूण कर आणि पुढे जा, दोनदा केलंयस तू तसं.
पेपर कसा गेला हे मी विचारणार नाही. तू सांगशील तेवढं ऐकेन.
दुपारी घरीच आहे.
आई"

बघा, यात ऑल द बेस्ट नाही, एकही आकडा नाही, खूप प्रेम वगैरेही नाही, तरी ते सगळं त्यात आहे. याहून लांब करू नका. लांब चिठ्ठी दिसली की मुलं आधी ओळखतात की आईला टेन्शन आलंय, मग तेही त्यांना सांभाळावं लागतं. हाताने लिहा, वहीच्या साध्या कागदावर चालेल. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, फोन हातात घेतला की चिठ्ठीच्या पाठोपाठ ग्रुपवरची महत्त्वाच्या प्रश्नांची यादी उघडते आणि रात्री अकरा वाजता तिला कळतं की आपण काहीतरी केलेलंच नाही. "घरीच आहे" हेही तुम्ही खरंच असाल तरच लिहा, ऑफिसला जाणार असाल तर संध्याकाळी किती वाजता येणार ते लिहा.

ती वाचून काहीच बोलणार नाही अशी तयारी ठेवा. काही न बोलणं हे वाईट नाही. "वाचलीस का गं?" हे मात्र विचारू नका, त्याने चिठ्ठीवरही उत्तर द्यावं लागतं. थोडं रडली तर रडू द्या, रडून झोपली तर चांगलंच झालं. वाचल्यानंतर ती पुन्हा पुस्तकं काढून रात्रभर बसायला लागली तर समजा की कुठेतरी अपेक्षेचा शब्द लागलाय, तेव्हा जाऊन फक्त दिवा लवकर बंद करू या म्हणा, नवीन भाषण नको.

आणि तिने स्वतःहून विचारलं की आई, मी नापास झाले तर, तेव्हा "छे, असं बोलू नये" म्हणून तोंड बंद करू नका, ही ती बोलायची वेळ. तेव्हा खरी माहिती द्या. ४० पैकी १४ म्हणजे बरोबर ३५ टक्के होतात. गणिताचे बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि शाळेकडचे २० असे मिळून १०० धरले जातात, त्यामुळे एका पेपरात कमी पडले म्हणजे विषय गेला असं होत नाही. आणि गेलाच तर निकालानंतर बोर्डाची पुरवणी परीक्षा असते, फक्त राहिलेला विषय द्यायचा असतो. ज्या मुलीने हे मनात शंभर वेळा घोळवलंय तिला तुमच्या तोंडून, शांत आवाजात, पुढे काय होतं ते ऐकलं की भीतीला तळ लागतो.

एक गोष्ट मात्र चिठ्ठीवर सोपवू नका. ती बरेच दिवस नीट झोपत नसेल, खाल्लेलं उलटून पडत असेल, हॉलच्या नुसत्या विचाराने श्वास लागत असेल, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" अशा वळणाचं काही बोलली असेल, चेष्टेत का होईना, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका. सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का गं तुला. असं विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. होय म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास फ्री आहे, मराठीतही बोलता येतं, तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतो. तुमच्या पत्रावरून मला तसं काही दिसत नाहीये, दार लावून घेणं या वयात पुष्कळ मुलं करतात, पण तिच्या जवळ तुम्ही आहात, मी नाही.

बाबांना चिठ्ठीखाली काही लिहायचं असेल तर त्यांना एकच ओळ द्या, तीही कामाची, उदाहरणार्थ "सकाळी मी सोडायला येतोय, साडेनऊला निघू." फक्त गाडीवर जाताना सूत्रं विचारायची नाहीत हे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्या.